सीसीटीव्ही चित्रणाची साठवण: हालचालीचे तुकडे आणि जुन्या फायलींची पुसणी

सुरक्षा कॅमेऱ्यांचे चित्रण चोवीस तास न साठवता दृश्यात काही हलले तेवढ्यापुरताच तुकडा ठेवणे आणि ठरावीक मुदत उलटली की जुने तुकडे आपोआप पुसून टाकणे, अशी ही पद्धत आहे. बाजारात मिळणारा डीव्हीआर पुसण्याचे काम स्वतःच करतो. डिस्क भरली की तो सर्वांत जुन्या भागावर नवे चित्रण लिहितो. जुन्या संगणकावर लिनक्स आणि ‘मोशन’सारखा मुक्त प्रोग्रॅम टाकून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना मात्र पुसण्याचा नियम स्वतः लिहावा लागतो. गडबड बहुधा त्या नियमातच होते.

गणित एका उदाहरणावर करून पाहू. घणसोलीतल्या एखाद्या सोसायटीत आठ कॅमेरे आणि २ टीबीची डिस्क आहे असे समजू. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट माहिती पाठवत असेल, तर तासाला ९०० एमबी आणि दिवसाला २१.६ जीबी जागा लागते. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १७३ जीबी होतात, म्हणजे साडेअकरा दिवसांत डिस्क संपते. कमिटीला हवे आहेत तीस दिवस. मग मुख्य गेट आणि पार्किंग हे दोनच कॅमेरे सतत चालू ठेवायचे, कारण तिथे दिवसभर काही ना काही हलतच असते आणि तुकडे करून फारसे वाचत नाही. जिने, गच्ची, मागची भिंत अशा उरलेल्या सहा ठिकाणी हालचाल दिवसाच्या दहा टक्केच धरली, तर एकूण खर्च ५६ जीबीवर येतो. तीस दिवसांचे साधारण १,६८५ जीबी. डिस्कवर तीनशेहून अधिक जीबी मोकळे राहतात आणि सेक्रेटरी निर्धास्त होतात.

हे सगळे मे महिन्यात केलेले गणित. प्रोग्रॅमला माणूस, मांजर, पाऊस यांतला फरक कळत नाही. आधीच्या चित्रांच्या तुलनेत नव्या चित्रात किती बिंदू बदलले एवढेच तो मोजतो आणि तो आकडा ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की तुकडा सुरू करतो. रात्री कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लागतात. भिंगाजवळून पडणारे थेंब त्या उजेडात पांढऱ्याशुभ्र रेघांसारखे चमकतात. त्याच उजेडामागे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि भिंगासमोर हललेला जाळ्याचा एक धागा चित्रात दोरखंडाएवढा दिसतो. सहापैकी तीन कॅमेरे उघड्यावर असतील आणि पावसाळ्यात त्यांचे रेकॉर्डिंग दहावरून साठ टक्क्यांवर गेले, तर रोजचा खर्च ५६ वरून साधारण ८९ जीबी होतो.

आता फक्त वयावर चालणारा नियम काय करतो ते पाहावे. तो रोज तीस दिवसांपूर्वीचा, म्हणजे कोरड्या दिवसांतला ५६ जीबी माल पुसतो आणि ८९ जीबी नवा येतो. रोज सुमारे ३२ जीबींची वाढ, मोकळे ३१५ जीबी, म्हणजे नवव्या-दहाव्या दिवशी डिस्क ठासून भरते आणि रेकॉर्डिंग थांबते. वॉचमनच्या केबिनमधल्या टीव्हीवर थेट चित्र मात्र छान दिसत राहते, त्यामुळे कोणालाच पत्ता लागत नाही. टीव्हीकडे बघून रेकॉर्डिंग चालू आहे असे मानू नये. प्रत्येक कॅमेऱ्याची सर्वांत नवी आणि सर्वांत जुनी फाइल कोणत्या वेळेची आहे ते आठवड्यातून एकदा उघडून पाहावे.

म्हणून नियम दोन हवेत: आधी वय, मग जागा. रोज रात्री नव्हे, तर दर तासाला चालवता येईल अशी छोटी स्क्रिप्ट पुरते:

```
mountpoint -q /srv/cctv || exit 1
cd /srv/cctv/clips || exit 1
find . -name '*.mp4' -mtime +29 -delete
while [ $(df --output=pcent . | tr -dc 0-9) -ge 90 ]
do
  f=$(ls -tr | head -1)
  [ -n "$f" ] || exit 1
  rm -- "$f" || exit 1
done
```

`-mtime +29` म्हणजे पूर्ण तीस दिवस झालेल्या फायली; `+30` लिहिले तर एक दिवस जास्त राहतो. पहिली ओळ अनेक जण गाळतात, पण वीज जाऊन आल्यावर डिस्क जोडली गेली नाही तर तीच वाचवते. एरवी स्क्रिप्ट भलत्याच जागी पुसत बसेल. घड्याळाचाही असाच फटका बसतो. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असेल आणि इंटरनेटही बंद असेल, तर वीज आल्यावर संगणक काही वर्षे मागे जातो. त्या वेळचे तुकडे जन्मतःच ‘जुने’ ठरतात आणि घड्याळ दुरुस्त होताच पुढच्या फेरीत पुसले जातात.

जागेच्या नियमाची किंमतही आहे. रोज ८९ जीबी या वेगाने नव्वद टक्के डिस्कमध्ये वीसच दिवस मावतात. शिवाय कॅमेऱ्यांना वेगळा वाटा दिला नसेल, तर मागच्या भिंतीवरचा पाऊस साठवण्यासाठी जिन्यातले जुने तुकडे जातात. गणपतीला गावी गेलेले कुटुंब बाराव्या दिवशी परत येते, आणखी चार दिवसांनी मुलाची सायकल जागेवर नसल्याचे लक्षात येते, मग कमिटीची रविवारची बैठक. तोपर्यंत एकविसावा दिवस उजाडलेला असतो आणि सायकल नेली त्या रात्रीचे चित्रण पुसलेले. तक्रार तोंडी आली तरी त्याच दिवशी त्या तारखांचे तुकडे `clips`च्या बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवावेत. बैठक नंतर होत राहील.

पावसाचा आकडा खाली आणण्यासाठी आधी मर्यादा वाढवावीशी वाटते. ‘मोशन’मध्ये ती `threshold` या नावाने बदललेल्या बिंदूंच्या संख्येत देतात. पण ती फार वाढवली की लांबून गडद कपड्यांत जाणारा माणूस सुटतो, आणि कॅमेरे बसवले ते त्याच्यासाठीच. त्यापेक्षा झाडू फिरवून जाळी काढणे, इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून काही फूट दूर वेगळा लावणे आणि झाड किंवा रस्त्यावरच्या हेडलाइटचा भाग `mask_file` देऊन झाकणे जास्त कामाला येते. `minimum_motion_frames` तीन-चार ठेवले की एका चित्रात चमकून गेलेल्या थेंबावर तुकडा सुरू होत नाही.

तुकडा कुठून सुरू होतो हेही तपासावे. हालचाल ओळखल्यावरच लिहायला घेतले, तर माणूस अर्ध्या जिन्यात आलेला दिसतो, कुठून आला ते दिसत नाही. त्यासाठी `pre_capture`ने आधीची काही चित्रे जोडून घेतात. कॅमेरा मधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतो आणि मधल्या वेळात फक्त झालेले बदल. त्यामुळे त्याचा मूळ प्रवाह पुन्हा न दाबता जसाच्या तसा साठवत असल्यास तुकडा पूर्ण चित्रापासूनच नीट उघडतो. कॅमेरा दर चार सेकंदांनी एकच पूर्ण चित्र पाठवत असेल, तर सुरुवातीचे काही सेकंद राखाडी चिखल दिसतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे अंतर एक सेकंदावर आणावे.

पोलिसांना चित्रण देताना तुकड्यांचा एक तोटा जाणवतो. मधल्या वेळात काहीच घडले नाही, की हालचाल ओळखलीच गेली नाही, हे नुसत्या तुकड्यांवरून सांगता येत नाही. गेटचा कॅमेरा सतत चालू ठेवण्याचे हेही एक कारण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून निघणारी आणि फाइल बदलली की बदलणारी खूण, भरायचे असते. ते `sha256sum` या आज्ञेने निघते. फाइल पेन ड्राइव्हवर टाकण्यापूर्वी आणि टाकल्यावर काढून दोन्ही जुळवावे. रेकॉर्डरचे घड्याळ आणि खरी वेळ यांत किती मिनिटांचा फरक आहे तोही त्याच वेळी लिहून ठेवावा. घड्याळ नंतर दुरुस्त केले की तो फरक सिद्ध करणे अवघड होऊन बसते.