सहा कव्हरांची ओळ आणि अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

जळगावच्या बाजारात मोबाइलच्या दुकानासमोर उभे राहिले, की एकाच नक्षीची बॅक कव्हरे ओळीने टांगलेली दिसतात. प्रत्येकावर केळीच्या पानाची तीच हिरवी पट्टी असते, ती प्रत्येकावर त्याच उंचीवर असते आणि कॅमेऱ्याच्या छिद्राभोवती तेच काळे कडे असते. अशा ओळीत एखादेच कव्हर किंचित चुकले, तरी ते लगेच नजरेत भरते. छिद्र आणि छपाई यांचा एकमेकांशी जन्मजात काहीही संबंध नसतो, हे त्याचे मूळ कारण आहे. छिद्र कव्हराच्या साच्यात तयार होते, तर चित्र नंतर दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच यंत्रावर छापले जाते. या दोघांची गाठ घालून देते ती जिग, म्हणजे कव्हरे बसवण्यासाठी खाचा कापलेला सपाट पत्रा. ही जिग बहुधा ॲक्रिलिकची असते आणि खानदेशच्या उन्हाळ्यात प्रश्न तिथूनच सुरू होतो.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचे असे छपाईचे छोटे युनिट आहे. त्यांच्या यूव्ही प्रिंटरवर एका जिगमध्ये सहा कव्हरे शेजारी-शेजारी बसतात. मे महिन्यात त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "दादा, सकाळी बसतं, दुपारी सरकतं. मशीन तेच, फाइल तीच." दुपारी छापलेली सहा कव्हरे त्यांनी टेबलावर ओळीने मांडली. पहिल्याचे काळे कडे छिद्राभोवती अगदी सारख्या रुंदीचे होते, परंतु उजवीकडे जावे तसे ते डाव्या बाजूला जाड आणि उजव्या बाजूला बारीक होत गेले होते. सहाव्या कव्हरावर हा फरक कुणीही दाखवून न देता दिसत होता.

अशी ओळ समोर असली, की दोष कुठला आहे हे ती स्वतःच सांगते. सहाही कव्हरांवर चित्र सारख्याच अंतराने सरकले असेल, तर जिग यंत्रावर ठेवतानाच जागेवरून हलली आहे. चित्र वर किंवा खाली जात असेल आणि ते अंतर ओळीत वाढत असेल, तर जिग तिरकी बसली आहे. केवळ एक दशांश अंशाचा तिरपेपणा अर्ध्या मीटरवर जवळजवळ ०.९ मिलिमीटरचा फरक पाडतो. परंतु चित्र ओळीच्या दिशेनेच सरकत असेल आणि ते सरकणे जिग जिथे टेकवली आहे तिथपासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढत असेल, तर जिगची लांबी आणि यंत्राचे माप यांचा मेळ सुटला आहे. आमच्यासमोर हा तिसरा प्रकार होता.

त्याचा हिशेब साधा आहे. ॲक्रिलिकचा एक मीटर तुकडा तापमान एका अंशाने वाढले, की सुमारे ०.०७ मिलिमीटर लांबतो. जिग लेझरने कापली आणि जुळवली तेव्हा खोलीत २६ अंश तापमान होते, दुपारी पत्र्याच्या छताखाली ती ४३ अंशांवर पोहोचली होती, म्हणजे वाढ १७ अंशांची झाली. जिग डाव्या कोपऱ्यात टेकवलेली होती आणि सहाव्या कव्हराचे छिद्र त्या कोपऱ्यापासून ५०० मिलिमीटरवर होते. तेवढ्या अंतरात जिग जवळजवळ ०.६ मिलिमीटरने वाढली. छपाईच्या डोक्याची जागा मोजणारी यंत्रातली पट्टीही तापते, पण ती वाढते ॲक्रिलिकच्या सुमारे एक चतुर्थांश. ती वाढ वजा केली, तरी साधारण ०.४५ मिलिमीटरचा फरक उरतो. पहिल्या कव्हराचे छिद्र कोपऱ्यापासून फक्त ५० मिलिमीटरवर होते, त्यामुळे तिथला फरक याचा दहावा हिस्सा, म्हणजे भिंगाशिवाय न दिसणारा होता.

अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेली चूक इतकी ठळक का दिसावी, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. समजा, कडे सर्व बाजूंनी १.५ मिलिमीटर रुंद दिसायला हवे आणि त्याची शाई छिद्राच्या आतपर्यंत वाढवलेली आहे. छिद्र ०.४५ मिलिमीटरने उजवीकडे गेले, की डावीकडे कडे १.९५ मिलिमीटरचे दिसते आणि उजवीकडे १.०५ मिलिमीटरचे उरते. डोळा कव्हराचे माप घेत नाही, तो दोन बाजूंची तुलना करतो, आणि त्या तुलनेत चूक दुप्पट होऊन ०.९ मिलिमीटर होते. मोजतानाही हीच गोष्ट कामी येते. भिंगाखाली दोन्ही बाजूंची रुंदी मोजावी आणि फरकाचे निम्मे करावे, म्हणजे छिद्राचा मध्य न शोधताच सरकण्याचे अचूक माप मिळते.

उपाय शोधताना आम्ही एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली. वाढ थांबवता येत नसली, तरी ती कुठून मोजली जावी हे ठरवता येते. जिग कोपऱ्याऐवजी मधोमध खिळीने अडकवली, तेव्हा ती दोन्हीकडे वाढू लागली आणि टोकाची चूक निम्म्यावर आली. दुसरा मार्ग म्हणजे फाइल ओळीच्या दिशेने ०.०९ टक्क्याने ताणणे. हा मार्ग उपयोगी आहे, परंतु जिगचे तापमान दिवसभर बदलते आणि शाई वाळवणारा दिवाही त्यात भर घालतो, त्यामुळे आकडा प्रत्येक वेळी नव्याने काढावा लागतो. त्यासाठी खोलीतला नव्हे, तर जिगला चिकटवलेला तापमापक पाहावा लागतो. शेवटी त्यांनी जिग ॲल्युमिनियमची करून घेतली. ॲल्युमिनियम ॲक्रिलिकच्या जवळजवळ एक तृतीयांशच वाढते आणि त्याची वाढ यंत्राच्या पट्टीच्या वाढीजवळ जाते, त्यामुळे त्याच उन्हात सहाव्या कव्हरावरची चूक ०.०५ मिलिमीटरच्या आसपास येते.

हाच नियम एकेका कव्हराच्या आतही लागू पडतो आणि छपाई करणारे अनेक जण तिथे चुकतात असे माझे मत आहे. पॉलिकार्बोनेटचे कव्हर साच्यात थंड होताना सुमारे ०.५ ते ०.७ टक्के आकसते. दोन खेपांमधल्या आकसण्यात ०.२ टक्क्याचा फरक पडला, तर १६० मिलिमीटर लांबीच्या कव्हरात ०.३ मिलिमीटरचा फरक येतो. कव्हर खालच्या कडेला टेकवून बसवले, तर यातला बहुतेक फरक कॅमेऱ्यापाशी उमटतो. तेच कव्हर कॅमेऱ्याच्या कोपऱ्याला टेकवले आणि उलट बाजूने लहान स्प्रिंगने दाबून धरले, तर छिद्राचा मध्य टेकूपासून केवळ ३० मिलिमीटरवर राहतो आणि फरक ०.०६ मिलिमीटरपुरता उरतो. उरलेली तफावत खालच्या कडेला जाते, जिथे पानांची नक्षी तशीच बाहेर वाहून गेलेली असते आणि तुलनेला शेजारी छिद्र नसते.

काळे कडे केवळ शोभेसाठी नसते, हेही सांगायला हवे. छिद्राच्या भिंतीवर पांढरी किंवा फिकट शाई आली, तर फ्लॅशचा प्रकाश तिच्यावरून परतून कॅमेऱ्याच्या भिंगात शिरतो आणि रात्रीच्या फोटोवर धुरकट पडदा येतो.

टीपीयूच्या मऊ कव्हरांना मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. ती खाचेत दाबली की वाकतात आणि फोनवर चढवली की ताणली जातात, त्यामुळे जिगमध्ये अचूक उतरलेले कडेही फोनवर सरकलेले दिसू शकते. अशा कव्हरांसाठी त्या युनिटमध्ये आता खाचेच्या मधोमध फोनच्या आकाराचा उंचवटा ठेवतात, कव्हर त्याच्यावर चढवतात आणि ते ताणलेल्या अवस्थेतच छापतात.