नमुना मुलाखतीला येण्यापूर्वी : प्रश्नांची यादी आम्ही का देत नाही

"सर, नीतिमत्तेचे प्रश्न आधी पाठवाल का?" असा न्यायाधीश पदाच्या किंवा लॉ फर्मच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांचा फोन आठवड्याला दोन-तीनदा तरी येतो. पाठवत नाही. पाठ केलेलं उत्तर तीस मिनिटांतली दहा मिनिटं खातं, आणि ते सोलून काढण्यातच आमच्या पॅनेलचा वेळ जातो. फी मात्र तुमची.

ओळखीचा वकील समोर उभा राहिला तर काय कराल, याला सगळ्यांचं ठरलेलं उत्तर एकच : "मी त्या खटल्यातून बाजूला होईन." वाक्य बरोबर आहे, पण पॅनेल त्याच्या पुढचं विचारतं. उदाहरण घ्या. तुम्ही अक्कलकोटला दिवाणी न्यायाधीश आहात. ज्यांच्या हाताखाली सोलापुरात वकिली शिकलात ते सिनियर मनाई हुकमाचा अर्ज घेऊन उभे राहतात. समोरची बाजू वादीची भिंत उद्या पाडणार आहे म्हणतात, आजच आदेश हवा.

सिनियर पक्षकार नाहीत, नातेवाईकही नाहीत. म्हणून पहिला प्रश्न असा : हे प्रकरण त्यांच्या ऑफिसात असताना तुम्ही हाताळलं होतं का? असेल, तर दोन्ही बाजू "हरकत नाही" म्हणाल्या तरी ते प्रकरण चालवू नका. नसेल, तर नातं खुल्या न्यायालयात सांगा, रोजनाम्यात नोंद घ्या आणि समोरच्या बाजूचं म्हणणं ऐका. मग त्या नात्याकडे बाहेरचा माणूस कसा बघेल, याचा विचार करून ठरवा. बाजूला व्हायचं ठरलं, तरी फाईल शेजारच्या न्यायाधीशांच्या टेबलावर नेऊन ठेवता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 नुसार प्रकरण वर्ग करण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला आहे, म्हणून अहवाल प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. भिंत उद्या पडणार आहे, तेव्हा अहवालात तातडी लिहा आणि तो आजच पोचवा. "बाजूला होईन" म्हणणारे बहुतेक जण नेमके इथे गप्प होतात.

मग उलटा प्रश्न येतो : "तालुक्यात ओळखीचा वकील दिसला की तुम्ही बाजूला होणार, तर काम कोण करणार?" इथे नुसती ओळख आणि जवळचं नातं यांतला फरक तुम्हाला स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो.

लॉ फर्मसाठी येणाऱ्यांनाही हाच प्रसंग देतो. फक्त तिथे जुन्या ऑफिसचा अशील नव्या फर्मच्या विरोधात उभा असतो.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक ठरवली. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे एक सिनियर असतोच, आणि हा प्रसंग आम्ही सोडत नाही. (सोलापुरी चादर भेट घ्यावी का, हाही आवडता प्रश्न. त्याला आता सगळे तयार असतात.)

पॅनेल तिघांचं असतं. मुलाखतीनंतर तितकाच वेळ चर्चेला ठेवतो. दुसरी फेरी वेगळ्या प्रसंगावर आणि अर्ध्या फीत घेतो. येताना भरलेल्या अर्जाची प्रत आणा, अशिलांची नावं मात्र सांगू नका.