लागणारी बचत आणि कमी पडणारी बचत

अर्थशास्त्राचे पेपर तपासताना एक चूक इतक्यांदा भेटते की आता तिचा रागही येत नाही. प्रश्न असतो: वाढीचं लक्ष्य अमुक, भांडवल-उत्पादन गुणोत्तर तमुक, वित्तपुरवठ्यातली तूट काढा. विद्यार्थी दोन आकड्यांचा गुणाकार करतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. त्याने काढलेली असते लागणारी बचत. तूट काढायला त्यातून प्रत्यक्षात होणारी बचत वजा करावी लागते, आणि ती वजाबाकी राहून जाते.

हॅरॉड (१९३९) आणि डोमार (१९४६) यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे प्रतिमान दिसायला फार साधं आहे. एक रुपयाचं जादा वार्षिक उत्पन्न निर्माण व्हायला तीन रुपयांचं नवं भांडवल लागत असेल, तर गुणोत्तर तीन. मग बचत दर = वाढीचा दर × गुणोत्तर. ही झाली लागणारी बचत. देश आज किती वाचवतो याचा या सूत्रात कुठेही संबंध येत नाही. तूट मात्र देशाच्या सवयीवर, करांवर, लोकांच्या खिशावर अवलंबून असते. लक्ष्य आणि गुणोत्तर सारखंच असलेल्या दोन देशांना सारखीच बचत लागेल, पण एकाला तूट असेल आणि दुसऱ्याला नसेल.

आपल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचे आकडे घेऊ, कारण तिची मांडणी याच गणितावर झाली होती. १९५०-५१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ९,००० कोटी रुपये, बचत त्याच्या साधारण ५ टक्के, गुणोत्तर ३ धरलेलं आणि वाढीचं लक्ष्य वर्षाला २.१ टक्के. लागणारी बचत २.१ गुणिले ३, म्हणजे ६.३ टक्के, रुपयांत ५६७ कोटी. हाताशी ४५० कोटी. तूट ११७ कोटी, म्हणजे उत्पन्नाच्या १.३ टक्के. (ही आकडेमोड सोपी राहावी म्हणून मी घसारा बाजूला ठेवलाय. बचत निव्वळ असेल तर गुंतवणूकही निव्वळच घ्यायची, नाहीतर झिजलेली यंत्रं बदलण्याचा खर्च एका बाजूला मोजला जातो आणि दुसऱ्या बाजूला नाही.)

काही हुशार मुलं उलट दिशेने जातात. ५ टक्के बचतीला ३ ने भागलं की १.६७ टक्के वाढ मिळते, लक्ष्य २.१, फरक ०.४३. मग ९,००० कोटींचे ०.४३ टक्के काढून तूट ३९ कोटी लिहून मोकळे. पण ०.४३ ही वाढीतली कसर आहे, पैशातली तूट नव्हे. ती पुन्हा ३ ने गुणली की १.३ टक्के येतात आणि ३९ चे ११७ होतात. उत्तर बरोबर एक-तृतीयांश आलं असेल, तर घोटाळा इथेच झालाय असं समजावं.

आता खरी गंमत दुसऱ्या वर्षापासून सुरू होते. बचतीचा दर ५ टक्क्यांवरच अडून राहिला, तर तूट कधीच संपत नाही. उत्पन्नाबरोबर तीही वाढते आणि पाचव्या वर्षी १२७ कोटींवर जाते. पण समजा, जुन्या उत्पन्नातून पूर्वीइतकीच बचत होते आणि नव्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयातले वीस पैसे मागे पडतात. पहिल्या वर्षी उत्पन्न १८९ कोटींनी वाढतं, त्यातले सुमारे ३८ कोटी बचतीत जातात. दुसऱ्या वर्षी लागतात ५७९ कोटी, हाताशी ४८८, तूट ९१. असं करत पाचव्या वर्षी लागणारे ६१६ आणि हाताशी ६०६, तूट फक्त १० कोटी. सहाव्या वर्षी ती उरतच नाही, आणि तोवर उत्पन्न १०,००० कोटींच्या आसपास गेलेलं असतं. पहिल्या योजनेने १९५५-५६ साठी हेच लक्ष्य ठेवलं होतं. म्हणजे तूट भरायला बाहेरून पैसा आणायचा तो काही वर्षांपुरता. नव्या उत्पन्नातून होणारी बचत वाढली नाही, तर तोच पैसा कायमचा लागतो.

हे सगळं गुणोत्तर ३ धरून. तोच आकडा २.३ घेतला, तर लागणारी बचत ४.८३ टक्के येते आणि ५ टक्के वाचवणाऱ्या देशाला तूटच राहत नाही! देशात काहीही बदललेलं नाही, फक्त कागदावरचा एक आकडा बदलला. म्हणून कुणी तूट सांगितली की मी आधी गुणोत्तर विचारतो.

हा प्रश्न पुस्तकी नाही. पहिल्या योजनेत प्रत्यक्ष वाढ ३.६ टक्के झाली आणि वाढीव गुणोत्तर १.८ च्या आसपास निघालं. पाऊस चांगला झाला, आधीच्या काळात पडून राहिलेली क्षमता वापरात आली. नव्या भांडवलाचं कर्तृत्व त्यात जेवढं वाटतं तेवढं नव्हतं. दुसऱ्या योजनेने मग २.३ धरलं: ६,२०० कोटींची गुंतवणूक आणि उत्पन्न १०,८०० वरून १३,४८० कोटी, म्हणजे २,६८० कोटींची भर. भागाकार करून पाहा. त्याच २,६८० कोटींसाठी जुनं ३ वापरलं असतं, तर ८,०४० कोटी लागले असते. १,८४० कोटींची गरज केवळ गृहीतकाने कागदावरून नाहीशी झाली, आणि तीही पोलाद, यंत्रं अशा भांडवल खाणाऱ्या उद्योगांवर भर देताना. मला तरी हा आकडा आशावादीच वाटतो.

त्यातही तूट राहिलीच. सरकारी क्षेत्राचा खर्च ४,८०० कोटी होता. महसुली शिल्लक ८००, कर्ज १,२००, रेल्वे आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या स्रोतांतून ४००, परकीय मदत ८००, तुटीचा अर्थभरणा १,२००. बेरीज ४,४००. उरलेल्या ४०० कोटींसमोर चक्क 'तूट' असंच लिहिलं होतं, ती देशातूनच आणखी उपाय करून भरायची होती. नीट पाहिलं तर १,२०० कोटींचा अर्थभरणा, म्हणजे जवळपास नोटा छापणं, हाही बचतीचा पर्याय नाही. तो मोजला, तर देशातली खरी बचत आणि परकीय मदत मिळूनही १,६०० कोटी कमी पडत होते.

१९५७ पर्यंत वेगळंच काहीतरी आधी संपलं: परकीय चलन. यंत्रं आयात करायला रुपये चालत नाहीत, आणि पौंडातली साठवण भराभर खाली आली. १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांचा गट उभा राहिला तो यासाठी. बचतीची तूट मोजणाऱ्या सूत्रात या दुसऱ्या तुटीला जागाच नाही. देशात बचत पुरेशी असली, तरी ती डॉलर-पौंडात बदलता येत नसेल, तर यंत्र बंदरात उतरत नाही.