कंटेनर-भाड्याची घनमीटरनिहाय वाटणी

अनेक लहान निर्यातदारांचा माल एकाच कंटेनरमध्ये भरून, प्रत्येकाच्या मालाने व्यापलेल्या घनमीटरांच्या प्रमाणात एकूण खर्च विभागण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘एलसीएल’ आणि जागेच्या मापाला ‘सीबीएम’ म्हणतात. माल एकत्र करणारा मध्यस्थ, म्हणजे कन्सॉलिडेटर, पूर्ण कंटेनर स्वतःच्या नावे आरक्षित करतो. जहाज कंपनी त्याला माल स्वीकारल्याचा एकच दस्तऐवज, म्हणजे मास्टर बिल, देते आणि तो प्रत्येक निर्यातदाराला स्वतंत्र हाउस बिल देतो.

कंटेनर वाहतूक सर्वसाधारणपणे १९५६ पासून धरली जाते, परंतु मालाने अडवलेल्या जागेवर भाडे आकारण्याची चाल त्याहून बरीच जुनी आहे. जहाजाच्या क्षमतेसाठी वापरला जाणारा ‘टन’ हा शब्द मद्याच्या मोठ्या पिंपाच्या नावावरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मतभेद आहे तो मापी टनाच्या ४० घनफुटांविषयी (सुमारे १.१३ घनमीटर). एका मतानुसार ही त्या पिंपाला जहाजात लागणारी जागा होय. हिशेब मात्र या मताला फारसा अनुकूल नाही. २५२ गॅलनांच्या पिंपात सुमारे ३३.७ घनफूट द्रव मावतो. गोल पिंपांमधली पोकळी धरली की, लाकडाची जाडी न मोजताही, गरज ४० च्या पुढे जाते. त्यामुळे ४० हा आकडा जड आणि हलक्या मालात मेळ घालणारा व्यापारी संकेत असावा, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मेट्रिक पद्धतीत हाच संकेत १ घनमीटर = १,००० किलो असा झाला.

या समीकरणामुळे वाटणी केवळ जागेवर होत नाही. घनमीटर आणि मेट्रिक टन यांतील मोठा आकडा त्या मालाचा ‘रेव्हेन्यू टन’ ठरतो. तिघांनी मिळून वीस फुटी कंटेनर घेतला आणि एकूण खर्च २,८०० एकक आला, असे समजू. पहिल्याचे कापड १२ घनमीटर व ३ टन, दुसऱ्याच्या फरशा ६ घनमीटर व ९ टन आणि तिसऱ्याच्या टोपल्या ७ घनमीटर व २ टन आहेत. निव्वळ जागेने पाहिले तर एकूण २५ घनमीटर होतात, दर ११२ पडतो आणि वाट्याला अनुक्रमे १,३४४, ६७२ व ७८४ येतात. मोठ्या आकड्याच्या नियमाने १२, ९ व ७ मिळून २८ रेव्हेन्यू टन होतात. दर १०० पडतो आणि वाटे १,२००, ९०० व ७०० असे बदलतात. फरशांचे वजन नजरेआड केले असते तर त्यांचा भार कापडवाल्याने आणि टोपलीवाल्याने उचलला असता.

रिकाम्या जागेचा प्रश्न वेगळा. वीस फुटी कंटेनरचे आतील माप सुमारे ३३ घनमीटर असले, तरी खोक्यांचे आकार एकमेकांत बसत नसल्याने प्रत्यक्षात २५ ते २८ च भरतात. खर्च भरलेल्या मापावर वाटला तर रिकामेपण सर्वांच्या माथी येते. कन्सॉलिडेटरने आधीच प्रति घनमीटर दर सांगितला असेल, तर ते त्याच्या अंगावर येते. म्हणूनच तो कंटेनर भरेपर्यंत माल पुढच्या जहाजावर ढकलू पाहतो. किमान आकारणी बहुधा १ घनमीटरची असते.

बहुतेक तंटे मापावरून होतात. गोदामात पॅलेटसह सर्वांत बाहेरच्या कडांपासून मोजतात. वेडावाकडा नग असेल, तर तो ज्या चौकोनी खोक्यात मावेल त्याचे माप धरतात. ५० × ४० × ३५ सेंमीची ४० खोकी म्हणजे कागदोपत्री २.८ घनमीटर. ठासून भरल्याने प्रत्येक बाजू २ सेंमी फुगली, तर माप सुमारे ३.२३ होते, म्हणजे १५ टक्क्यांहून अधिक वाढ. बिलावरील आकडा आपल्या यादीशी जुळत नसेल, तर आधी भरलेले खोके मोजून पाहावे, रिकामे नव्हे. वर दुसरे काही ठेवता येणार नाही अशा नगासाठी छतापर्यंतची जागा आकारली जाऊ शकते.

केवळ सागरी दर पाहून केलेली तुलना फसवी ठरते. तो अगदी नाममात्र ठेवून उतरण्याच्या बंदरातील प्रति घनमीटर हाताळणी शुल्कातून वसुली करण्याची रीत या धंद्यात आहे. तो बोजा आयातदारावर पडतो आणि तक्रार निर्यातदाराकडे येते.

घनमीटरांचा हिशेब सर्वत्र लागू होत नाही. संकटात जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम सोसलेल्या नुकसानीची वाटणी (जनरल ॲव्हरेज) मालाच्या किमतीवर होते. तसेच एका भागीदाराची कागदपत्रे सीमाशुल्क तपासणीत अडकली, तर बाकीच्यांचा मालही त्याच कंटेनरमध्ये थांबून राहू शकतो. त्या विलंबाचा खर्च कोणी सोसायचा हे हाउस बिलाच्या अटींवर अवलंबून असते.