हंगामाआधी काट्यांच्या पडताळणीचे पत्र : पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकरी सहकारी संस्था पावसाळ्यातच वैध मापन शास्त्राच्या जिल्हा कार्यालयाला एक पत्र देतात: माल यायच्या आत आमचे काटे तपासून त्यांच्यावर मुद्रा मारून द्या. खान्देशात विहीर-ट्यूबवेलवाले पूर्वहंगामी कापूस लावतात, त्यामुळे पहिली वेचणी सप्टेंबरातच दाराशी येते. दसऱ्याच्या तोंडावर पत्र दिले, तर निरीक्षकांची तारीख मिळेपर्यंत अर्धा माल तोलून झालेला असतो.

मापावरचा अविश्वास इथे जुना आहे. धान्य पायलीने मोजले जाई, कापूस खंडीने तोलला जाई, आणि खंडीही एकच नव्हती. मुंबईच्या व्यापारात साधी खंडी 560 पौंडांची, तर कापसाची 784 पौंडांची, म्हणजे सुमारे 356 किलोंची. कापसाचा घाऊक भाव आजही 356 किलोंच्या खंडीवर निघतो, तो त्यामुळेच. मणाचे वजनही गावोगाव बदले. शेतकऱ्याच्या हिशेबात घोळ घालायला तेवढे पुरे होते. मुंबई इलाख्यात 1927 साली कापूस बाजाराचा कायदा झाला आणि 1932 साली वजन-मापांचा. पहिल्याने बाजारातल्या व्यवहारावर नियम आणले, दुसऱ्याने वजनांवर.

1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून किलो टप्प्याटप्प्याने लागू झाला. तेव्हा तपासायचे ते तराजू आणि लोखंडी वजने. वजनाच्या खोबणीत शिसे ओतलेले असे, मुद्रा त्याच्यावर ठोकली जाई. शिसे खरवडलेले दिसले की वजनाशी खेळ झाला हे नुसत्या डोळ्यांनी कळे. आज लागू असलेला 2009 चा कायदा 1 एप्रिल 2011 पासून अमलात आला. त्याच्या नियमांत वजने आणि दांडीच्या तराजूंना फेरपडताळणीसाठी 24 महिन्यांची मुदत आहे, इलेक्ट्रॉनिक काट्याला 12 महिन्यांची. हंगामाआधी दरवर्षी पत्र लिहावे लागते, याचे मूळ या बारा महिन्यांत आहे. पडताळणी करून घेण्याची जबाबदारी काटा वापरणाऱ्याची असते. कार्यालय येऊन विचारील म्हणून थांबून चालत नाही.

पत्रात प्रत्येक काट्याची ओळख हवी: मेक, मॉडेल, अनुक्रमांक, कमाल क्षमता, पडताळणी अंतर म्हणजे चुकीची मर्यादा ज्यावरून ठरते ती वजनाची पायरी, अचूकतेचा वर्ग, मागच्या मुद्रेची तारीख आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. काटा जागेवरच तपासायचा असेल तर तसे लिहावे, ठिकाण द्यावे आणि माल कधीपासून येणार तेही सांगावे. ‘आमचे तीन काटे तपासावेत’ एवढ्यावर कार्यालयाला काही करता येत नाही.

पत्राआधी काटा घरीच एकदा बघून घ्यावा. 300 किलोंचा, 50 ग्रॅम अंतराचा, तिसऱ्या वर्गाचा प्लॅटफॉर्म काटा घ्या. पडताळणीच्या वेळी 25 किलोंपर्यंत 25 ग्रॅम, 100 किलोंपर्यंत 50 ग्रॅम आणि त्यापुढे 75 ग्रॅम इतकीच चूक चालते. वापरातल्या काट्याच्या तपासणीत ती मर्यादा दुप्पट असते. क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाचे, म्हणजे 100 किलोंचे प्रमाणित वजन मधोमध ठेवा, मग चारही कोपऱ्यांवर सरकवून बघा. मधे 100.00 आणि एका कोपऱ्यावर 99.80 दाखवले, तर काटा नापास. बहुधा प्लॅटफॉर्मखाली माती किंवा सरकी अडकलेली असते, पाय समतल नसतात, नाहीतर जवळची भिंत घासत असते. एवढे साफ करूनही फरक राहिला, तर लोड सेल, म्हणजे काट्यातला भार मोजणारा भाग, बघावा लागतो.

इथेच बहुतेक संस्था फसतात. लोड सेल किंवा कॅलिब्रेशनला हात लावायचा म्हणजे सील तुटणार, आणि सील तुटले की मुदत शिल्लक असली तरी पडताळणी पुन्हा. म्हणून आधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून काम करून घ्यावे, मग पत्र द्यावे. उलट केले तर निरीक्षकांची एक फेरी नापास काट्यावर जाते आणि पुढची तारीख मिळेतो दिवाळी येते.

कोपऱ्यातले ते 200 ग्रॅम किरकोळ वाटतात. पण 100 किलोंमागे 200 ग्रॅम कमी भरले, तर 500 क्विंटलवर शेतकऱ्याचा एक क्विंटल जातो. बाजार समितीच्या काट्यावर तोच माल पुन्हा तोलला की ही तूट उघडी पडते, आणि मग प्रमाणपत्र दाखवा असे सभासद म्हणतात. ते काट्याजवळ, सहज दिसेल असे लावलेले असावे.