केबल लावूनही हॉटस्पॉटवरून चालणारा लॅपटॉप: मेट्रिकची पार्श्वभूमी

निपाणी-खानापूर भागातल्या छोट्या ऑफिसांत हे चित्र नेहमीचं आहे. लॅपटॉपला फायबरच्या राउटरची केबल जोडलेली असते आणि लाईट गेली तर अडायला नको म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉटही हाताने जोडून ठेवलेला असतो. दुपारीच डेटा संपल्याचा मेसेज येतो. "केबल लावलीय की, मग मोबाईलचा डेटा कसा काय संपला?"

नेटसाठी कुठली वाट घ्यायची, हे लॅपटॉप मेट्रिक नावाच्या आकड्यावरून ठरवतो. याचं मूळ 1988 साली प्रमाणित झालेल्या रिप या वाट ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या काळापर्यंत जातं. तेव्हा मेट्रिक म्हणजे वाटेत किती राउटर लागतात तो आकडा. लहान आकड्याची वाट निवडायची. विंडोज एक्सपीने (2001) हा आकडा लिंकच्या वेगावरून आपोआप ठरवायला सुरुवात केली. त्या तक्त्यात 20 ते 200 एमबीपीएसपर्यंत सगळ्यांना 20 मिळत. त्यामुळे 100 ची केबल आणि 54 चं वायफाय बरोबरीत येत. विंडोज 10 मध्ये वायफायसाठी वेगळा, थोडा कडक तक्ता आला. गिगाबिट केबलला 25, तर 866 एमबीपीएसच्या वायफायला 30. इथवर सगळं ठीक.

घोळ होतो तो केबलमध्ये. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 एमबीपीएसला दोन पुरतात. उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी तुटली, तर लिंक गुपचूप 100 वर उतरते आणि मेट्रिक 35 होतं. नेट चालू राहतं म्हणून कुणाला संशय येत नाही. `route print -4` दिल्यावर मात्र दिसतं:

```
0.0.0.0  0.0.0.0  192.168.1.1   192.168.1.24   35
0.0.0.0  0.0.0.0  192.168.43.1  192.168.43.57  30
```

दुसरी ओळ हॉटस्पॉटची. 30 लहान, म्हणून बाहेरचं सगळं मोबाईलवरून जातं. गंमत अशी की 866 हा वेग लॅपटॉपपासून फोनपर्यंतचाच. पुढे सिमला किती मिळतंय, याच्याशी मेट्रिकला देणंघेणं नाही. लिनक्सचा नेटवर्कमॅनेजर वेग बघतच नाही. केबलला 100 आणि वायफायला 600 देऊन मोकळा होतो. मला तो हिशेब जास्त शहाणपणाचा वाटतो.

आधी `Get-NetAdapter` देऊन `LinkSpeed` बघावा. तिथे 100 Mbps दिसलं, तर केबल बदलून पाहावी. लॅपटॉपचं पोर्टच 100 चं असेल, तर ॲडमिन म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये आकडा हाताने द्यावा:

```
Set-NetIPInterface -InterfaceAlias "Ethernet" -InterfaceMetric 10
```

एवढं केल्यावरही एक अडचण उरते. राउटर इन्व्हर्टरवर चालू आहे पण बाहेर फायबर तुटलीय, अशा वेळी केबलची लिंक जिवंतच दिसते आणि मेट्रिक 10 च राहतं. तेव्हा हॉटस्पॉटवर जायचं तर केबल उपसावी लागते.