व्हीपीएन बंद करणे आणि अँटिव्हायरस बंद करणे: दोन्ही ‘बंद’ सारखे नाहीत

इंटरनेट मंद चालते अशी तक्रार करणाऱ्याला ‘व्हीपीएन आणि अँटिव्हायरस बंद करून पाहिले का?’ असे विचारले की ‘हो, पाहिले, काही फरक पडला नाही’ हे उत्तर तयारच असते आणि पाठोपाठ इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा उद्धार सुरू होतो. हे उत्तर बहुधा अर्धेच खरे असते. व्हीपीएन खरोखर बंद झालेले असते, अँटिव्हायरसची मात्र केवळ खिडकी मिटलेली असते.

व्हीपीएनविषयी फार सांगण्याची गरज नाही. ते तुमची सगळी ये-जा दूरच्या एका सर्व्हरवरून वळवते, त्यामुळे वाट लांबते, पिंग म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ वाढतो आणि वेग घटतो. ते डिस्कनेक्ट केले की वाट पुन्हा सरळ होते, आणि तशी ती झाली की नाही हे आपला सार्वजनिक आयपी पत्ता दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर पाहता येते; पत्ता बदलला असेल, तर व्हीपीएन बाजूला झाले. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की यादीत ‘भारत’ निवडले म्हणजे सर्व्हर भारतातच असतो असे नाही. ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा आदेश २८ एप्रिल २०२२ रोजी निघाल्यानंतर अनेक परदेशी सेवांनी येथील सर्व्हर काढून घेतले, आणि त्यांतील काहींचे ‘भारत’ आता सिंगापूरमध्ये नांदते.

खरा गोंधळ अँटिव्हायरसचा आहे. त्याच्या आत किमान दोन वेगळे पहारेकरी असतात. पहिला डिस्कवर उतरणारी फाइल तपासतो आणि दुसरा, ज्याला वेब शील्ड किंवा वेब प्रोटेक्शन म्हणतात, ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मधोमध बसतो. आजची बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर असल्यामुळे मजकूर कुलूपबंद येतो. तो वाचण्यासाठी काही अँटिव्हायरस स्वतःचे मूळ प्रमाणपत्र संगणकात बसवतात, येणारे कुलूप मध्येच उघडतात, तपासणी करतात आणि आपले कुलूप लावून मजकूर ब्राउझरच्या हाती देतात. प्रत्येक नव्या जोडणीला हा सोपस्कार होतो, आणि बातम्यांचे एक साधे पान उघडताना अशा कित्येक जोडण्या होतात.

त्यामुळे दोघांच्या मंदपणाची जातच वेगळी असते. व्हीपीएनचा मंदपणा स्पीड टेस्टमध्ये लख्ख दिसतो, तर वेब शील्डचा बरेचदा दिसतच नाही, कारण स्पीड टेस्ट मोजक्या जोडण्या उघडून त्यांतून एकसारखा डेटा ओतत राहते. आकडा उत्तम असतो आणि पाने मात्र पांढरी पडून राहतात. केवळ स्पीड टेस्टच्या चित्रावरून ‘नेट चांगले आहे, तुमचा लॅपटॉप जुना झाला’ असा निकाल देणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.

गेल्या महिन्यात त्रिमूर्तीनगरात राहणाऱ्या माझ्या मामेभावाकडे हेच घडले. त्याच्याकडे १०० एमबीपीएसचे फायबर आहे आणि तो घरूनच काम करतो. राउटरला वायर जोडून आम्ही मुंबईचा एकच सर्व्हर ठरवून मोजले. व्हीपीएन चालू असताना वेग ३५ आणि पिंग १३१ मिलिसेकंद आला, ते डिस्कनेक्ट केल्यावर वेग ९२ आणि पिंग २२. क्रम उलटसुलट करून पुन्हा तीनदा मोजले, कारण संध्याकाळी गल्लीतील सगळी घरे ऑनलाइन आल्यावर आकडा आपसूकच घसरतो आणि एकाच फेरीवरून काहीही सिद्ध होत नाही. चारही वेळा फरक तेवढाच राहिला. व्हीपीएनचा दोष निश्चित झाला. त्याने निवडलेले ‘भारत’ पिंग पाहता भारतात नसावे.

तरीही त्याची मूळ तक्रार उरलीच. व्हीपीएन बंद असतानाही पाने उघडण्यापूर्वी चार-पाच सेकंद अडखळत होती. ‘अँटिव्हायरस तर मी कालच बंद केला,’ तो म्हणाला. केले होते ते असे, की घड्याळाशेजारच्या चिन्हावर उजवी क्लिक करून त्याने Exit दाबले होते. चिन्ह गेले, पण पार्श्वभूमीतील सेवा आणि वेब शील्ड आपल्या जागी होते.

हे ओळखायला मोठ्या विद्येची गरज नाही. क्रोममध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून Connection is secure आणि मग Certificate is valid निवडले, की Issued By खाली प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव दिसते. तेथे एखाद्या मान्यताप्राप्त प्रमाणपत्र संस्थेऐवजी तुमच्या अँटिव्हायरसचे नाव असेल, तर तो अजून मध्ये बसलेला आहे. बँकेच्या संकेतस्थळावर हे पाहू नये. बरेच अँटिव्हायरस बँकांना या तपासणीतून वगळतात आणि तुमची फसगत होते. साधे बातम्यांचे पान घ्यावे. भावाच्या संगणकावर अँटिव्हायरसचेच नाव निघाले.

मग आम्ही सेटिंगमध्ये जाऊन फाइलींचा पहारा तसाच ठेवला, वेब शील्ड तेवढे दहा मिनिटांसाठी थांबवले आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात. आधीच्या जोडण्या जुन्याच वाटेने चालू राहू शकतात. प्रमाणपत्रावरचे नाव बदलले आणि तीच पाने झटक्यात उघडू लागली. चाचणीच्या त्या दहा मिनिटांत अनोळखी दुवे उघडू नयेत, हे ओघाने आलेच. कार्यालयाच्या लॅपटॉपवर तर हे स्वतःहून करूच नये. तेथील आयटी विभागालाच सांगावे.

या परीक्षेलाही मर्यादा आहे. काही अँटिव्हायरस कुलूप न उघडता ब्राउझरमधील एक्स्टेन्शनद्वारे काम करतात, आणि तेव्हा प्रमाणपत्र निर्दोषच दिसते. अशा वेळी तेच पान इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहावे, कारण परवानगी दिल्याशिवाय तेथे एक्स्टेन्शन चालत नाहीत.

मोबाइलवर आणखी एक फसवी गोष्ट आहे. अँड्रॉइडवरील अनेक सुरक्षा अ‍ॅप वेब तपासणीसाठी फोनच्या आतल्या आत व्हीपीएन उभारतात. वरच्या पट्टीत किल्लीचे चिन्ह दिसते, पण सार्वजनिक आयपी पत्ता बदलत नाही. किल्ली आहे आणि पत्ता तोच आहे, तर दोष बहुधा दूरच्या सर्व्हरचा नसून त्या अ‍ॅपच्या गाळणीचा आहे. याउलट व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये Block connections without VPN चालू असेल आणि तुम्ही व्हीपीएन तोडले, तर इंटरनेटच पूर्ण थांबते. ‘व्हीपीएन काढल्यावर तर नेटच गेले’ ही तक्रार तेथूनच येते.

भावाच्या संगणकावर शेवटी मी वेब शील्डमधली एचटीटीपीएस तपासणी कायमची बंद केली आणि फाइलींचा पहारा ठेवला. काहींना हे धाडसाचे वाटेल. मला वाटत नाही, कारण फसव्या संकेतस्थळांची सूचना ब्राउझर स्वतः देतो आणि उतरलेली फाइल पहिला पहारेकरी पाहतोच. व्हीपीएन त्याला कामासाठी लागते, म्हणून ते कामाच्या वेळेपुरते चालू आहे; त्यात ‘भारत’ऐवजी मुंबईतील खरा सर्व्हर मिळाल्यावर पिंग ४० च्या आत आला.